भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिकेला द्यायचा अर्ज : कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं बांधकाम कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, रीतसर परवानगी घेऊन झालंय आणि आता फक्त भोगवटा घ्यायचा राहिलाय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. विनापरवाना बांधकामाचा विषय वेगळा आहे, तो इथं घेतलेला नाही. सगळीकडं एकच उदाहरण धरलंय म्हणजे आकडे डोक्यात राहतील: ई वॉर्डातला 540 चौ.मी. चा प्लॉट, खाली पार्किंग आणि वर तीन मजले, सहा फ्लॅट, लिफ्ट आहे, उंची 12.30 मीटर. उदाहरण बनवलेलं आहे पण त्यातल्या भानगडी अगदी रोजच्या आहेत.

कंप्लिशन झालंय म्हणतोय आर्किटेक्ट, मग परत भोगवट्याचा अर्ज कशाला?

कारण हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन वेगळी माणसं देतात. पूर्णत्वाचा दाखला म्हणजे कंप्लिशन, तो तुमचा आर्किटेक्ट नाहीतर लायसन असलेला इंजिनिअर देतो, त्यात तो सांगतो की माझ्या देखरेखीखाली मंजूर नकाशाप्रमाणं काम पूर्ण झालं. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात त्यात, ह्याचा ठरलेला नमुना परिशिष्ट जी मध्ये आहे. आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, ते महापालिका देते, ह्या दाखल्यावर जागेची तपासणी करून, परिशिष्ट एच च्या नमुन्यात. आपल्याकडं बोलताना दोन्हीला "कंप्लिशन"च म्हणतात आणि म्हणून किती जणांनी आर्किटेक्टचा दाखला फाईलला लावून "आमचं झालं" म्हणून सोडून दिलंय. बँकेत रिसेलच्या लोनला गेल्यावर मग कळतं की महापालिकेचा कागदच नाही.

अर्ज कुणाच्या नावानं आणि कुठं द्यायचा?

महापालिका हद्दीत असाल तर आयुक्तांच्या नावानं, सहायक संचालक नगररचना यांच्यामार्फत. राजारामपुरी, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, ताराराणी मार्केट ही विभागीय कार्यालयं आहेत, जागा बघायला येणारा इंजिनिअर कुठल्या विभागाचा ते तुमच्या भागावर ठरतं, पण अर्जाचा मायना आयुक्तांचाच ठेवा.

तुमची परवानगी बीपीएमएस ह्या बांधकाम परवानगीच्या प्रणालीवर ऑनलाइन झाली असेल तर भोगवट्याचा अर्जसुद्धा आर्किटेक्टच्या लॉगिनमधूनच जातो, पण मालकाच्या सहीचं पत्र स्कॅन करून जोडावंच लागतं, म्हणून खालचा मसुदा दोन्हीकडं चालतो.

पाचगाव, उचगाव अशा बाजूच्या गावात बांधकाम असेल तर महापालिकेत जाऊन उपयोग नाही. 2017 ला शहराभोवतीच्या 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालंय, त्यांच्याकडं परवानगी झाली असेल तर भोगवटापण तिथंच. नियम एवढाच लक्षात ठेवा की ज्यानं परवानगी दिली त्याच्याकडंच अर्ज.

सही कुणाची लागते? जागा आमच्या वडिलांच्या आणि काकांच्या नावावर आहे.

परवानगी ज्यांच्या नावानं आहे त्या सगळ्यांची. वटमुखत्यार असेल तर त्याची प्रत जोडून त्याची सही चालते. मध्ये कुणी वारलं असेल तर आधी प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद करून घ्या, नाहीतर अर्जातलं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही आणि फाईल तिथंच बसते.

अर्ज लिहायला बसायच्या आधी काय हातात पाहिजे?

बांधकाम परवानगीचं पत्र, मूळ. नुसतं पहिलं पान नाही, मागच्या अटींसकट. माझ्या मते सगळ्या अर्जाचा जीव इथंच आहे. लोक काय करतात की शेजाऱ्याचा किंवा झेरॉक्सवाल्याकडचा तयार मसुदा घेतात, "सर्व अटींचे पालन केले आहे" असं एक वाक्य टाकतात आणि खाली कागदांची यादी. असलं वाक्य तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही, कारण त्याच्या टेबलावर तुमच्या परवानगीतल्या अटी क्रमानं असतात आणि त्याला प्रत्येक अटीपुढं काहीतरी शेरा मारायचा असतो. म्हणून तुमचा अर्ज म्हणजे त्या अटींना एकेक करून दिलेलं उत्तर पाहिजे: अट अमुक, ती अशी पाळली, पुरावा जोडपत्र अमुक.

दुसरं म्हणजे टेप घेऊन साईटवर जा. खरंच जा. मंजूर नकाशा हातात धरून समोरचं, मागचं, दोन्ही बाजूचं अंतर मोजा, पार्किंगच्या जागा मोजा, गच्चीवर काय काय चढलंय ते बघा. जे कागदावर लिहिणार ते जागेवर आहे का हे तुम्हाला आधी माहिती पाहिजे, साहेबांना नंतर.

आमच्या उदाहरणात साईटवर काय सापडलं?

तीन गोष्टी. पहिली, पार्किंगच्या कोपऱ्यात 2.40 बाय 3.00 मीटरची स्टोअर रूम, विटांच्या भिंती आणि शटरसकट, बिल्डरनं सिमेंट ठेवायला केलेली ती तशीच राहिली. नकाशात तिथं एका गाडीची जागा आहे. म्हणजे 7.20 चौ.मी. बंदिस्त क्षेत्र वाढलं आणि सहापैकी एक कार पार्किंग कमी झालं. मोकळं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मान्य असलेल्या बांधकाम क्षेत्रात, धरत नाहीत पण त्याला भिंती घातल्या की ते क्षेत्र मोजणीत येतं, त्यामुळं हे नुसतं "छोटंसं स्टोअर" राहत नाही.

दुसरी, पूर्वेची साईड मार्जिन नकाशात 3.00 मीटर आहे, टेपला 2.94 येते. कारण काय तर नंतर बाहेरनं दगडी क्लॅडिंग लावलं, त्यानं 6 सेंटीमीटर खाल्ले.

तिसरी, दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटवाल्यानं स्वयंपाकघर आणि बेडरूममधली अर्धी भिंत सरकवलीय. बाहेरून इमारतीत काही फरक नाही.

आता तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. स्टोअर काढायचं, दुसरा सरळ मार्ग नाही, कारण ती ठेवायची म्हटलं तर सुधारित परवानगी, वरचा एफएसआय शिल्लक आहे का, आणि कमी झालेलं पार्किंग कुठं देणार हे सगळं उभं राहतं. भिंती पाडायला एक दिवस लागतो ओ, परवानगीला महिने. क्लॅडिंगचं लपवायचं नाही, पूर्णत्वाच्या नकाशात आहे तसं दाखवायचं आणि अर्जात कारण लिहायचं, जोत्याच्या तपासणीला अंतर 3.00 बरोबर होतं त्याचा दाखला जोडायचा. मान्य करायचं का ते अधिकारी ठरवतील, पण आपण सांगितलेलं आणि त्यांनी शोधून काढलेलं ह्यात फार फरक पडतो. आतली सरकवलेली भिंत पूर्णत्वाच्या नकाशात दाखवली की सहसा भागतं, कारण बाहेरची मापं आणि क्षेत्र बदलत नाही. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनं खात्री करून घ्या की हलवलेली भिंत नुसती पार्टिशन होती, तिथं कॉलम किंवा बीमला हात लावलेला नाही.

अर्जाचा मसुदा द्या की.

हा घ्या. भाषा मुद्दाम सरकारी ठेवलीय, कारण जाणार सरकारी टेबलावर. रिकाम्या जागा तुमच्या तुम्ही भरा.

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर
(मार्फत : मा. सहायक संचालक, नगररचना विभाग)

विषय : सि.स.नं. ____, ई वॉर्ड, कोल्हापूर येथील रहिवासी इमारतीस संपूर्ण भोगवटा प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : 1) बांधकाम परवानगी क्र. ____, दि. ____
2) जोते तपासणी दाखला क्र. ____, दि. ____

महोदय,

उपरोक्त मिळकतीवर संदर्भ क्र. 1 अन्वये मंजूर झालेल्या पार्किंग अधिक तीन मजले, एकूण सहा सदनिका, अशा इमारतीचे बांधकाम दि. ____ रोजी पूर्ण झाले आहे. वास्तुविशारद श्री./श्रीमती ____, नोंदणी क्र. ____, यांनी दिलेला पूर्णत्वाचा दाखला व पूर्णत्वाच्या नकाशांचे तीन संच सोबत जोडले आहेत. तरी जागेची पाहणी करून संपूर्ण भोगवटा प्रमाणपत्र मिळावे ही विनंती.

परवानगीतील अटींच्या पूर्ततेबाबत आम्ही खालीलप्रमाणे निवेदन करतो :

1) इमारतीची बाह्य मापे, मजल्यांची संख्या व उंची (12.30 मी.) मंजूर नकाशाप्रमाणे आहे. पूर्व बाजूच्या भिंतीस बाहेरून दगडी आच्छादन केल्याने सामासिक अंतर प्रत्यक्षात 2.94 मी. भरते. मूळ भिंतीपासूनचे अंतर 3.00 मी. असून जोते तपासणी दाखला जोडला आहे (जोडपत्र 3).

2) मंजूर नकाशात दर्शविलेली सहा कारची व दुचाकींची वाहनतळ जागा पूर्णपणे मोकळी आहे. बांधकाम काळातील तात्पुरती साठवण खोली पाडण्यात आली असून त्याची छायाचित्रे जोडली आहेत (जोडपत्र 9).

3) दुसऱ्या मजल्यावरील सदनिका क्र. ____ मध्ये अंतर्गत पार्टिशन भिंतीत बदल केला आहे, तो पूर्णत्वाच्या नकाशात दर्शविला आहे. त्यामुळे बांधकाम क्षेत्रात वाढ झालेली नाही व इमारतीच्या सांगाड्यास बाधा पोहोचलेली नाही (जोडपत्र 4).

4) पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाची व्यवस्था पूर्ण करून कार्यान्वित केली आहे (जोडपत्र 6).

5) सांडपाण्याची जोडणी मंजूर आराखड्याप्रमाणे केली आहे (जोडपत्र 7).

6) उद्वाहनाबाबतचा तज्ज्ञाचा दाखला व परवाना जोडला आहे (जोडपत्र 5).

7) अटीप्रमाणे झाडे लावली असून राडारोडा उचलून जागा व लगतचा रस्ता स्वच्छ केला आहे (जोडपत्र 8 व 9).

8) विकास शुल्क, कामगार कल्याण उपकर व आजअखेरचा घरफाळा भरला असून पावत्या जोडल्या आहेत (जोडपत्र 10).

9) भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत इमारतीचा वापर सुरू केलेला नाही.

वरील माहिती आमच्या माहितीप्रमाणे खरी आहे. पाहणीच्या वेळी आम्ही व आमचे वास्तुविशारद उपस्थित राहू.

आपले विश्वासू,
(मालकांच्या सह्या)

सोबत : जोडपत्र 1 ते 10

ह्यात 9 नंबरचं वाक्य टाकलंच पाहिजे का? आमच्यात दोन कुटुंबं राहायला आली पण.

खोटं वाक्य टाकू नका एवढंच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 263 प्रमाणं काम संपल्यावर एक महिन्याच्या आत पूर्णत्वाची सूचना द्यायची असते आणि परवानगी मिळेपर्यंत इमारत वापरायची नसते. साहेब तपासणीला येतात तेव्हा गॅलरीत कपडे वाळत पडलेले असतात, खाली नावांच्या पाट्या आणि दुधाची पिशवी, आणि अर्जात लिहिलेलं असतं "वापर सुरू केलेला नाही", मग बाकीच्या आठ वाक्यांवर पण कोण विश्वास ठेवणार. लोक राहत असतील तर ते वाक्य काढून टाका आणि कोण कधीपासून राहतंय ते सरळ लिहा. त्यावर जो काही दंड किंवा शुल्क निघेल ते भरून विषय मिटतो, खोट्या निवेदनाचा विषय मिटत नाही.

दहा जोडपत्रं म्हणजे नक्की कुठले कागद?

वरच्या क्रमानं सांगतो. 1 म्हणजे परवानगीचं पत्र आणि मंजूर नकाशाची प्रत, सोबत प्रॉपर्टी कार्ड. 2 म्हणजे आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला आणि पूर्णत्वाचे नकाशे, तीन संच, त्यातला एक शिक्का मारून तुम्हाला परत मिळतो. 3 जोते तपासणीचा दाखला. 4 स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, आणि हे आर्किटेक्टनं दिलेलं चालत नाही, ज्यानं आरसीसी डिझाईन केलं त्याचं पाहिजे. 5 लिफ्ट. 6 रेन वॉटर हार्वेस्टिंगचे फोटो आणि आर्किटेक्टचा दाखला. 7 ड्रेनेज. 8 झाडं. 9 फोटो. 10 सगळ्या पावत्या.

ह्यातलं 6 नंबर सगळ्यांना लागत नाही. यूडीसीपीआर मध्ये 500 चौ.मी. आणि त्यावरच्या प्लॉटला ते सक्तीचं आहे, आपला 540 चा आहे म्हणून लागलं. तुमचा तीनशेचा प्लॉट असेल आणि परवानगीत तशी अट नसेल तर ते वाक्य अर्जात घेऊच नका, नाहीतर साहेब विचारणार "कुठाय?" आणि तुम्ही नसलेला खड्डा दाखवत फिरणार.

अग्निशमनचंही तसंच. 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतीला फायरचा अंतिम दाखला लागतो, शिवाय हॉस्पिटल, शाळा, हॉल असल्या वापराला. आपली 12.30 ची रहिवासी इमारत आहे म्हणून मसुद्यात तो मुद्दा नाही, त्याऐवजी उंची आकड्यात लिहिलीय, ती वाचली की प्रश्न येत नाही. पण परवानगीच्या अटीत फायरचा उल्लेख असेल तर मात्र उंची काही का असेना, दाखला जोडाच.

कामगार उपकर म्हणजे बांधकाम खर्चाच्या 1 टक्का, तो बहुतेक परवानगीच्या वेळीच भरलेला असतो, पावती शोधा. हरवली असेल तर तारीख आणि चलन नंबर घेऊन लेखा विभागात विचारा, परत भरायच्या आधी.

रेन वॉटर हार्वेस्टिंगचा फोटो कसला पाहिजे? आमच्याकडं खड्ड्यावर झाकण आहे, आत काय दिसणार.

म्हणूनच खड्डा भरताना फोटो काढायचे असतात. गच्चीवरनं येणारा पाईप, गाळाचा चेंबर, खड्ड्यातले दगड, वाळूचे थर, असे टप्प्याटप्प्यानं. आता झाकण बसलंच असेल तर झाकण उघडून काढा आणि गच्चीच्या पाईपात बादलीभर पाणी ओतून ते चेंबरमध्ये उतरतंय तो फोटो घ्या. हसू नका, पाईप गटारीलाच जोडलेला आणि खड्डा कोरडा ठणठणीत, हे तपासणीत सगळ्यात जास्त निघतं.

जागेची पाहणी करताना ते काय बघतात?

ढोबळ क्रम असा: गेटातनं आत आल्यावर समोरचं अंतर, मग पार्किंग, मग दोन्ही बाजू आणि मागं, मग जिना, लिफ्ट आणि सगळ्यात शेवटी गच्ची. गच्चीवर पत्र्याचं शेड असेल तर तिथंच थांबा. पावसाचं पाणी गळतं म्हणून घातलं, सोलरला आधार म्हणून घातलं, हे सगळं मान्य, आपल्याकडचा पाऊस बघता समजूनही घेता येतं, पण नकाशात नसेल आणि बाजूनं बंदिस्त असेल तर ते वाढीव बांधकाम म्हणून नोंदलं जातं. पाहणीच्या दिवशी आर्किटेक्ट हजर पाहिजे, कामगार किंवा वॉचमनला उभं करू नका, तो बिचारा "हे तर कालच बांधलं" सांगून मोकळा होतो.

बाल्कनी बंद केलीय. ओसी अडणार का?

तुमची परवानगी कुठल्या नियमात झाली त्यावर आहे. यूडीसीपीआर डिसेंबर 2020 पासून लागू झाली, तिच्यात बाल्कनीचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरलेलंच असतं, त्यामुळं आहे त्याच मापात खिडकी लावून बंद केली तर क्षेत्र वाढत नाही, पूर्णत्वाच्या नकाशात दाखवा. परवानगी त्याच्या आधीच्या नियमातली असेल आणि बाल्कनी मोफत क्षेत्रात धरलेली असेल तर बंद केल्यावर हिशोब बदलतो, तिथं आर्किटेक्टला आकडेमोड करायला लावा, अंदाजानं अर्जात काही लिहू नका. आणि बाल्कनीचा स्लॅबच पुढं वाढवला असेल तर मग ते कुठल्याच नियमात बसत नाही.

शाहूपुरीत, दुधाळीकडं पूररेषेचं काय लिहायचं?

2005, 2019, 2021 चे पूर बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण कागदावर पण लागतं. निळी आणि लाल रेषा ह्यांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळाली असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर ठेवायची अट असते. आमच्या उदाहरणातला प्लॉट त्या पट्ट्यात नाही म्हणून मसुद्यात हे नाही. तुमचा असेल तर एक वाक्य वाढवा: "लाल पूररेषेची पातळी ____ मी. असून जोत्याची प्रत्यक्ष पातळी ____ मी. आहे, लेव्हलचा दाखला जोडला आहे." नुसतं "जोते रस्त्यापासून चार फूट उंच ठेवले आहे" हे लिहून उपयोग नाही, रस्ता दरवर्षी डांबरानं वर येतो आणि तुलना रस्त्याशी नसतेच, पाटबंधारे खात्यानं दिलेल्या पातळीशी असते. त्याच डेटमला, म्हणजे उंची मोजायच्या आधार पातळीला, धरून सर्व्हेअरकडनं लेव्हल घ्या. जोतं कमी निघालं तर काम संपल्यावर फार काही करता येत नाही, म्हणून खरं तर हे जोत्याच्या तपासणीलाच बघायचं असतं.

अर्ज दिल्यावर किती दिवसात मिळतं? कुणी म्हणतं 21 दिवसात नाही दिलं तर आपोआप मिळालं.

21 दिवस हा आकडा खरा आहे, यूडीसीपीआर मध्ये पण आहे आणि कलम 263 मध्ये पण. पण लोक त्याच्या पुढचं वाचत नाहीत. मुदतीत उत्तर आलं नाही तर भोगवटा मिळाला असं मानायचं ते बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणं असेल तरच. स्टोअर रूम तशीच ठेवून 22 व्या दिवशी "मानीव भोगवटा झाला" म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. दुसरं, मधे त्रुटीचं पत्र आलं असेल तर ते दिवस कसे मोजायचे ह्यावरनं वाद होतो, म्हणून पहिल्याच वेळी अर्ज पूर्ण द्या आणि आवक नंबर, शिक्का आणि तारीख असलेली पोच जपून ठेवा. ऑनलाइन असेल तर सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट. बांधकाम नकाशाप्रमाणं असूनही उत्तर नाही आलं तर मानीव भोगवट्यासाठी वेगळा लेखी अर्ज करता येतो, आणि सेवा वेळेत न मिळाल्याबद्दल 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील हा पण रस्ता आहे.

त्रुटी पत्र आलं. उत्तर कसं द्यायचं?

जसा अर्ज तसंच, त्यांच्या क्रमांकानं. समजा पत्रात दोन त्रुटी आहेत: "वाहनतळाच्या एका जागेत दुचाकी स्टँड आढळला" आणि "स्थैर्य प्रमाणपत्रावर इमारतीचा सि.स.नं. नाही". उत्तरात त्रुटी 1 पुढं लिहा की स्टँड अमुक तारखेला काढला, फोटो जोडला. त्रुटी 2 पुढं लिहा की दुरुस्त प्रमाणपत्र जोडलं. बस. इतक्यात लोक काय करतात, रागानं दोन पानं लिहितात की बाजूच्या अपार्टमेंटला कसं दिलं, त्यांच्यात तर गच्चीवर खोलीच आहे. शेजारच्याचं खरं असलं तरी त्यानं तुमची त्रुटी भरून निघत नाही, आणि उगाच दोन फाईली अडकतात.

फोटो पाठवताना त्याच कोनातनं काढा ज्या कोनातनं त्यांच्या पाहणीत आहे, मागं एखादी ओळखीची गोष्ट दिसू दे, मीटरचा बॉक्स, कॉलम नंबर काहीही. नाहीतर परत पाहणी लागते.

वरचा मजला राहिलाय, खालचे फ्लॅटवाले थांबायला तयार नाहीत.

अंशतः भोगवटा मागता येतो. विषयातच "अंशतः" लिहा, कुठले मजले आणि कुठल्या सदनिका ते क्रमांकानं सांगा, आणि राहिलेलं काम चालू असताना खाली राहणाऱ्यांना धोका होणार नाही ह्यासाठी काय केलंय ते लिहा: जिन्याला जाळी, मटेरियल चढवायची वेगळी बाजू, लिफ्ट कुणी वापरायची. सोबत मालकांचा हमीपत्राचा बाँड लागतो, महापालिकेवर काही तोशीस येऊ देणार नाही असा, आता तो 500 च्या स्टॅम्पवर. पण लक्षात घ्या, ज्या गोष्टी सगळ्या इमारतीला सामाईक आहेत, पार्किंग, ड्रेनेज, पाण्याची टाकी, त्या अंशतः पूर्ण असून चालत नाहीत.

घरफाळा आमच्या नावावर लागलाय, लाईट आहे, नळ आहे. मग ओसी झाल्यातच जमा ना?

नाही. घरफाळा हा कर आहे, मिळकत वापरात आहे म्हणून आकारणी होते. त्या पावतीनं बांधकाम नियमात बसल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. वीज बिलाचंही तेच.

बिल्डर अर्जच करत नाही. आम्ही सहा फ्लॅटवाले काय करू?

सहा फ्लॅट म्हणजे रेराची नोंदणी लागू नसेल, आठपर्यंत सूट आहे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात ओसी आणायची जबाबदारी रेरा कायद्याच्या कलम 11 प्रमाणं प्रवर्तकावर आहे. पण सहा फ्लॅटला मोफा, म्हणजे 1963 चा मालकी सदनिका कायदा, सुटत नाही, त्यात पण दाखला मिळायच्या आधी ताबा देऊ नये असं आहे. आधी एक काम करा, माहिती अधिकारात नगररचनाकडनं परवानगीचं पत्र अटींसकट, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला दाखल झालाय का ह्याची प्रत मागा. कागद हातात आले की तुम्हालाच कळेल नक्की काय अडलंय. अनेकदा आर्किटेक्टची फी राहिलेली असते म्हणून त्यानं दाखला धरून ठेवलेला असतो आणि सगळे समजतात की महापालिकेत अडलंय. कधी मात्र खरोखरच वाढीव बांधकाम असतं, तेव्हा बिल्डरला नोटीस पाठवताना नेमकं कुठलं बांधकाम काढायचं ते मापासकट लिहा.

आर्किटेक्ट मधेच बदलला होता. दाखला कोण देणार?

ज्याच्या देखरेखीखाली काम पूर्ण झालं तो. पण बदल झाला तेव्हाच महापालिकेला कळवलेलं पाहिजे, आधीच्याचं ना हरकत पत्र आणि नवीन माणसाचं स्वीकृती पत्र. कळवलं नसेल तर आता अर्जाच्या आधी ते कळवा, कारण परवानगीवर एक नाव आणि पूर्णत्वाच्या दाखल्यावर दुसरं असलं की पहिली त्रुटी हीच निघते.

मिळाल्यावर काय तपासायचं?

लगेच तिथंच उभं राहून वाचा. सि.स.नं., वॉर्ड, मजले, सदनिकांची संख्या, क्षेत्र, आणि "संपूर्ण" लिहिलंय का "अंशतः". शेवटी काही अटी घातल्या असतील तर त्या पण. टायपिंगची चूक त्या आठवड्यात दुरुस्त होते, चार वर्षांनी फ्लॅट विकताना निघाली की फाईल शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्क्याचा नकाशा आणि ओसीची मूळ प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवा, चेअरमनच्या घरी नको, आणि प्रत्येक फ्लॅटवाल्याला रंगीत झेरॉक्स द्या.